एक लाख वीस हजारांची कमाई: इंदूरच्या एका किराणा दुकानाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदामानगरातलं ते दुकान बंद झालं, तेव्हाही फळ्या भरलेल्या दिसत होत्या. मसाल्यांची पाकिटं, शांपूच्या बाटल्या, महागडी बिस्किटं, लहान मुलांचं दूध पावडर, सगळं जागच्या जागी. मात्र प्रत्येक रांगेत पुढे एकच पाकीट होतं आणि मागे रिकामी खोकी लावलेली होती. तेल, साखर, तूरडाळ आणि पोहे, म्हणजे इंदूरचं गिऱ्हाईक ज्यासाठी रोज दुकानात येतं ते सामान, जवळजवळ नव्हतंच. छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचं माझं काम आहे. दुकानदाराचा धाकटा भाऊ बँकेची सोळा महिन्यांची स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आला आणि 'देणं नेमकं किती आहे ते तरी काढून द्या' म्हणाला. ओळख पटू नये म्हणून नाव देत नाही आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. पैशांची वाट मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

दुकान वडिलांनी उघडलेलं. रोजची विक्री सोळा हजारांच्या आसपास, त्यातून सुटणारं मार्जिन दीड हजार. भाडं नाही, जागा स्वतःची. घरी आई, बायको आणि बारावीची मुलगी. सियागंजच्या घाऊक व्यापाऱ्याकडे पंधरा दिवसांची उधारी चालायची आणि त्या उधारीत वडिलांच्या काळापासून कधी खंड पडला नव्हता. माणूस व्यसनी नव्हता. मित्रांबरोबर रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात चक्कर मारणं आणि क्रिकेट, एवढीच चैन.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषक सुरू झाला, तेव्हा रोज सिगारेट घ्यायला येणाऱ्या एका ओळखीच्या पोराने त्याला 'आयडी' दिली. आयडी म्हणजे सट्ट्याच्या ॲपमधलं खातं. ते ॲप फोनच्या ॲप स्टोअरमधून उतरवायचं नसतं. एजंट व्हॉट्सॲपवर लिंक, नाव आणि पासवर्ड पाठवतो. पैसे भरायला प्रत्येक वेळी नवा क्यूआर येतो, कधी कुठल्या 'ट्रेडर्स'चा, कधी 'एंटरप्रायझेस'चा. त्याने पाच हजार भरले आणि त्यावर थोडा बोनस मिळाला. हा बोनस काढता येत नाही, तो आधी खेळून फिरवावा लागतो. महिन्याभरात इकडेतिकडे लावून खात्यात तीन हजार उरले.

७ नोव्हेंबरला वानखेडेवर अफगाणिस्तानने २९१ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाचे सात गडी ९१ धावांत गेले. उरलेले तीन हजार असेही बोनसमध्ये अडकलेले, बुडाले तर बुडाले, म्हणून त्याने ते सगळे ऑस्ट्रेलियावर लावले. भाव एकाला चाळीस मिळत होता. मग मॅक्सवेलने पायात गोळे आलेले असताना, जवळजवळ एका जागी उभं राहून नाबाद २०१ धावा काढल्या. ॲपवर एक लाख वीस हजार दिसले. दिवाळी १२ तारखेची होती.

पुढच्या सगळ्याचं मूळ मला इथेच दिसतं, पण फक्त रकमेत नाही. त्याने पन्नास हजार काढायला टाकले आणि वीस मिनिटांत ते त्याच्या खात्यात आले. 'पैसे खरंच मिळतात' हा दाखला मिळाला. दुसरं म्हणजे, एक रुपयाही कापला गेला नाही. याचा त्याला आनंद झाला. माझ्यासारख्याला याच जागी शंका येते. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस कापणं कंपनीवर बंधनकारक होतं. जे ॲप तो कापत नाही, ते सरकारच्या नोंदीत नाही आणि उद्या तक्रार करायला त्याचा पत्ताही नाही. तिसरी गोष्ट सर्वांत घातक ठरली. त्या पैशातून त्याने दुकानासाठी आइस्क्रीमचा डीप फ्रीझर घेतला आणि घरी सांगितलं, 'लग्नाची मोठी ऑर्डर मिळाली.' सट्ट्याचा पैसा त्या दिवशी धंद्याच्या खात्यात शिरला. पुढे धंद्याचा पैसा सट्ट्यात जाताना त्याला काही वेगळं वाटलं नाही.

१९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात भारतावर चाळीस हजार लावले आणि गेले. त्याचं दुःख फार झालं नाही, कारण ॲपमध्ये अजून तीस हजार होते आणि मनातला हिशेब 'मी नफ्यात आहे' असंच सांगत होता. तसा तो होताही. घातलेले पाच, काढलेले पन्नास. त्याच्या संपूर्ण खात्यातला हा सर्वोच्च बिंदू होता.

सामने संपले की सट्टा थांबतो असं आपल्याला वाटतं. पूर्वी खाईवालाच्या, म्हणजे बुकीच्या, वहीवर खेळणाऱ्यांचं तसं होतही असे. मोसम संपला की सोमवारी वलण, म्हणजे हिशेब चुकता. ॲपमध्ये मोसम नसतो. क्रिकेटच्या शेजारच्याच चौकोनात विमानाचा खेळ असतो. विमान उडतं, आकडा १ पासून वर चढत जातो, १.२, १.५, २... आणि मध्येच कधीतरी ते निघून जातं. त्याआधी बटण दाबलं तर त्या पटीत पैसे, नाही तर लावलेले गेले. एक फेरी जेमतेम अर्ध्या मिनिटाची. असे खेळ स्वतःच जाहीर करतात की ९७ टक्के परतावा आहे, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी तीन रुपये ठेवून घेतले जातात. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे तीन टक्के भरलेल्या रकमेवर नसतात, फिरवलेल्या रकमेवर असतात, आणि तेच पाचशे रुपये तासाभरात शंभर वेळा फिरतात. पाचशेच्या शंभर फेऱ्या म्हणजे पन्नास हजारांची उलाढाल आणि सरासरी दीड हजारांचा तोटा. दुकानात सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत उभं राहून सुटायचे तेही दीड हजारच.

शिवाय त्याने एक 'पद्धत' शोधली होती, जी प्रत्येक जण स्वतः शोधतो. दुपटीला बटण दाबायचं. हरलं तर पुढच्या फेरीत दुप्पट लावायचे, पुन्हा हरलं तर त्याच्या दुप्पट. केव्हाही जिंकलं की मागचं सगळं वसूल आणि वर पाचशे. डिसेंबरमध्ये त्याने वहीच्या मागच्या पानावर हे लिहून ठेवलं होतं: ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सात वेळा सलग हरायला तर नशीबच फुटलेलं हवं, असा त्याचा विचार.

याचं गणित अवघड नाही. ९७ टक्के परताव्यावर दुपटीला पोचण्याची शक्यता साडेअठ्ठेचाळीस टक्के, म्हणजे चुकण्याची साडेएक्कावन्न. सलग सात वेळा चुकण्याची शक्यता काढली तर ती एक टक्क्याच्या जरा खाली येते. साधारण शंभर मालिकांत एकदा. नव्याण्णव वेळा तो पाचशे रुपये जिंकतो, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास, आणि एकदा त्रेसष्ट हजार पाचशे घालवतो. एका रात्रीत तो तीसेक मालिका सहज खेळायचा. तेव्हा हे संकट वर्षा-दोन वर्षांनी येणारं नव्हतं, तीन-चार रात्रींच्या अंतरावर होतं. आणि ज्या रात्री ते येत नाही त्या प्रत्येक रात्री माणूस जिंकून झोपतो. स्टेटमेंटमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं: तीन दिवस किरकोळ आवक, मग रात्री पावणेबाराला दहा हजार, बाराला वीस, सव्वाबाराला तीस हजार बाहेर. जानेवारीत दोनदा असं झालं. तरी पद्धत चुकीची आहे असा निष्कर्ष त्याने काढला नाही. आठव्या वेळेसाठी चौसष्ट हजार हाताशी हवे होते, असा काढला.

बायको विचारायची, 'अहो, एवढ्या रात्री कसला हिशेब चाललाय?' तो म्हणायचा, 'जीएसटीचा.'

मार्च २०२४ मध्ये आयपीएल सुरू झाली. एव्हाना सामना कोण जिंकणार यावर तो फारसा लावत नव्हता, 'सेशन' खेळायचा. सहा षटकांत किती धावा होतील यावर भाव निघतो, समजा ४५-४६. 'यस' म्हणणारा ४६ किंवा जास्त झाल्या तर जिंकतो, 'नो' म्हणणारा ४४ किंवा कमी झाल्या तर. बरोबर ४५ झाल्या की दोघंही हरतात आणि दोघांचे पैसे वर जातात. बुकीची कमाई त्या एका धावेत असते. दर काही मिनिटांनी नवं सेशन, म्हणजे सामनाही विमानासारखाच झाला. त्या मोसमात धावसंख्या अशा फुगल्या की हैदराबादने एकदा २७७ आणि नंतर २८७ केल्या. दोन-तीन दिवस तो 'यस'वर सरळ जिंकत गेला. मग भावच वर सरकले. भाव काढणारा सामना बघतोच की.

आता दुकानाकडे येतो, कारण लोक 'एवढे पैसे त्याच्याकडे आले कुठून' असं विचारतात. किराणा दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी सोळा हजार असतात, पण त्यातले साडेचौदा हजार मालकाचे नसतात. ते सियागंजच्या व्यापाऱ्याचे, कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरचे, उद्याच्या मालाचे असतात. नोकरदाराला सट्टा लावायला महिनाभराच्या पगाराची वाट पाहावी लागते. दुकानदाराच्या हातातून रोज दुसऱ्याचे पैसे जातात, आणि पंधरा दिवसांची उधारी असेल तर पंधरा दिवस ते कोणी मागतही नाही. म्हणून त्याचा तोटा बराच काळ कुठेच दिसला नाही. एप्रिलमध्ये त्याने पहिल्यांदा तेलाचे डबे कमी केले, वीसच्या जागी आठ. तेलात मार्जिन कमी आणि पैसे जास्त अडकतात, त्यामुळे वरकरणी हा शहाणपणाच वाटला. मग साखर, मग डाळ. पण गिऱ्हाईक तेलासाठी येतं आणि जाताना मसाला, बिस्किटं, साबण घेऊन जातं. तेल नाही म्हटल्यावर ते पुढच्या दुकानात गेलं आणि साबणही तिथूनच घेऊ लागलं. जूनपर्यंत रोजची विक्री दहा हजारांवर आली होती. दुकान आतून पोखरलं गेलंय की नाही हे ओळखायला फळ्यांकडे बघू नये, तेलाचे डबे मोजावेत. सियागंजवाले तेच मोजतात. त्या व्यापाऱ्याने मे महिन्यातच विचारलं होतं, 'भाऊसाहेब, तुमच्याकडे तेल खपेना का आजकाल?'

उधारी पंधरा दिवसांची पंचेचाळीसवर गेली. मग सोनं. बायकोच्या पाटल्या, आईच्या बांगड्या आणि एक हार घरच्या कपाटात असायचे; ते थोडे थोडे करून गोल्ड लोनवाल्याकडे गेले. २०२४ मध्ये सोन्याचा भाव चढत होता, त्यामुळे त्याच दागिन्यांवर दर दोन-तीन महिन्यांनी वाढीव कर्ज मिळत गेलं. एरवी घराच्या बरकतीची गोष्ट, इथे ती खड्डा खोल करत होती.

जुलैमध्ये प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. ॲपमधून काढलेले आठ हजार त्याच्या चालू खात्यात आले, दूरच्या राज्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या बचत खात्यातून. असे पैसे नेहमी असेच यायचे आणि तो कधी नाव वाचत नव्हता. बेकायदा ॲप स्वतःच्या खात्यातून पैसे देत नाही, भाड्याच्या खात्यांतून देतं, आणि त्याच खात्यांत सायबर फसवणुकीचे पैसेही फिरतात. कुणीतरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, तीन आठवड्यांनी पैशाचा माग काढत पोलीस दुसऱ्या-तिसऱ्या खात्यापर्यंत आले आणि बँकेने दुकानाचं खातं गोठवलं. दुकानाचा क्यूआर त्याच खात्याला जोडलेला. दोन दिवस गिऱ्हाइकांचे पैसे आत जात राहिले आणि बाहेर येईनात. बँकेने तक्रारीचा क्रमांक आणि सायबर ठाण्याचं नाव दिलं. तिथे लेखी सांगायचं होतं की हे आठ हजार कशाचे आले. ते सांगणं म्हणजे सगळंच सांगणं. त्याने काहीच सांगितलं नाही. बायकोच्या बचत खात्याचा क्यूआर काढून गल्ल्यावर चिकटवला.

तिच्या खात्यात मुलीच्या कॉलेजसाठीची आरडी मोडलेले एक लाख चाळीस हजार होते. फोनवर पिन आता त्याच्याकडे होता.

ऑगस्टमध्ये 'डायरी' घेतली. छोट्या बाजारांत हे सर्रास चालतं: एक लाखाची डायरी म्हणजे हातात नव्वद हजार आणि रोज हजार रुपये शंभर दिवस. दहा टक्के व्याज असं सांगितलं जातं. पण फेड पहिल्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे त्याच्याकडे सरासरी पंचेचाळीस हजारच वापरात असतात, आणि त्यावर शंभर दिवसांत दहा हजार. वर्षाचा दर ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो. पहिली डायरी फेडायला दुसरी घेतली. भिशीही बोली लावून लवकर उचलली.

त्या वर्षीच्या दिवाळीला सियागंजच्या व्यापाऱ्याने माल दिला नाही. 'आधी जुनं मिटवा, मग न्या हवा तेवढा.' दिवाळीच्या पंधरवड्यात किराणा दुकान एरवीपेक्षा कितीतरी जास्त कमावतं. ती कमाई बुडाली.

घरी कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायकोने पाटल्या काढायला डबा उघडला, तर आत गोल्ड लोनच्या पावत्या. त्यानंतरच धाकटा भाऊ पीथमपूरहून रजा टाकून आला. स्टेटमेंट समोर ठेवून त्याने विचारलं, 'दादा, हे एवढे पाठवलेस कुणाला?' त्यावर दादा म्हणाला, 'सहा-सात लाख गेले असतील.' तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवत होतं तेवढं त्याने सांगितलं. जिंकलेल्या रात्रींच्या तारखा तर त्याला सामन्यांसकट पाठ होत्या.

मी बेरीज केली. बाहेर गेले अडतीस लाख साठ हजार, परत आले एकवीस लाख चाळीस हजार. निव्वळ गेले सतरा लाख वीस हजार. परत आलेले एकवीस लाख हेच या प्रकरणातलं सर्वांत फसवं कलम. दर आठवड्याला खात्यात काहीतरी 'जमा' होत होतं, आणि जमा होणाऱ्या खात्याला माणूस बुडीत म्हणत नाही. गेलेल्यांपैकी मोठे तुकडे असे: दुकानातला माल साडेचार लाख, घाऊक व्यापाऱ्याची थकबाकी तीन लाख ऐंशी हजार, सोन्यावरचं कर्ज तीन लाख वीस हजार. बाकी डायऱ्या, भिशी, आरडी आणि दुकानाची कमाई.

वसूल काही होईल का, हा भावाचा पुढचा प्रश्न. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच निरर्थक, त्यावर दावा लावता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. गेलेले पैसे त्यातून परत येत नाहीत. आणि हे ॲप आधीही कायदेशीर नव्हतंच. कायदा झाला त्या आठवड्यात दुकानदाराच्या जुन्या नंबरवर नव्या पत्त्याची लिंक आली, सोबत 'जुन्या ग्राहकांसाठी' बोनस.

तोवर फोन त्याचा राहिला नव्हता. हे बायकोने केलं, आणि कर्जफेडीच्या कुठल्याही तक्त्याआधी ते करायला हवं होतं. नंबर बदलला, यूपीआय बंद, साधा फोन हातात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, तिनेच फोन लावला, तिथून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं गेलं. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न ऐकून भाऊ चकित झाला: हरलेले परत मिळवायला दुसऱ्या दिवशी खेळता का, किती खेळता ते लपवता का, थांबायचा प्रयत्न करून चिडचिड झाली का, पैशासाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहावं लागतं का. अशा नऊ खुणांपैकी वर्षभरात चार दिसल्या तरी जुगाराचा विकार मानतात. याच्यात सात होत्या.

देण्यांचा क्रम आम्ही व्याजाप्रमाणे लावला. आधी डायऱ्या, भावाने दिलेल्या पैशातून एकरकमी. मग सोनं: हार विकून कर्ज फेडलं आणि बांगड्या-पाटल्या सोडवल्या, कारण सगळं वाचवायला गेलं असतं तर व्याजात सगळंच गेलं असतं. सायबर ठाण्याला खरं काय ते लिहून दिलं. वादातले आठ हजार रोखून बाकी खातं मोकळं व्हायला पाच महिने लागले. सियागंजच्या व्यापाऱ्याने व्याज सोडलं आणि महिना दहा हजारांचा हप्ता मान्य केला, या अटीवर की हप्ता दुकानदाराच्या हातून नको. दुकानाची जागा एका डेअरीवाल्याला चौदा हजारांनी भाड्याने दिली आहे. त्यातले दहा डेअरीवाला परस्पर सियागंजला भरतो, चार घरी येतात. दुकानदार सकाळी त्याच डेअरीत क्रेट उतरवायला जातो, आठ हजार पगारावर. पगार बायकोच्या खात्यात जमा होतो. डीप फ्रीझर डेअरीवाल्याने बारा हजारांना घेतला.